वडा-सांबारचा हिशोब

खानापूरला बसस्टँडजवळ माझं चहाचं दुकान आहे. चहा, मिरची भजी आणि सकाळी वडा-सांबार. गल्ल्यात पैसा दिसायचा, पण महिनाअखेर तेलवाल्याची उधारी काही फिटत नव्हती. माझा संशय मिरचीवर होता, कारण तेल तीच पिते. बी.कॉम.ला असलेली पुतणी म्हणाली, "काका, संशय कशाला? मोजूया की."

तिची पद्धत सोपी होती. एका पदार्थाला दिवसभरात जे जे लागतं, ते त्याच पदार्थाच्या नावावर मांडायचं. तळणाआधी आणि तळण झाल्यावर तेल वजन करायचं, मधे वर ओतलेलं तेलही धरायचं. वडा-सांबारला वेगळा सिलिंडर लावून तो सकाळी आणि दुकान आवरताना काट्यावर ठेवायचा.

वड्याचा दिवस असा निघाला. एक किलो उडीदडाळ 130 रुपये, आलं-मिरची-कोथिंबीर 20, वड्यांनी पिलेलं तेल 50. यात 44 वडे, म्हणजे 22 प्लेटी. इथवर प्लेट नऊ रुपयांना पडते, विकतो 25 ला. मी खूश.

"सांबार कुठं मांडलं?" पुतणीनं विचारलं.

सांबार मी कधी धरलंच नव्हतं, ते आमच्याकडं फुकट. 'इन्नष्टु सांबार हाक्री', म्हणजे अजून सांबार घाला, असं म्हणत वाटी पुढं आली की नाही कोण म्हणणार! तूरडाळ, भाजी, चिंच, मसाला मिळून पातेलं 150 चं. खोबऱ्याची चटणी 130. गॅस 60, आणि तोही तळणापेक्षा जास्त सांबार गरम ठेवायलाच, कारण मंद आच सकाळभर चालू. एकूण 540. त्या दिवशी चार प्लेटी उरल्या, 18 खपल्या, आले 450. नव्वद रुपये खिशातून गेले, माझी आणि पोऱ्याची मजुरी न धरता.

मिरचीनं तेल बरंच पिलं होतं, पण तिला ना सांबार लागतं, ना चटणी. ती फायद्यातच निघाली.

मी म्हटलं, "वडा खाणारा चहा घेतो, त्याचं काय?" तेही मोजलं. अठरातल्या पंधरांनी चहा घेतला. कपामागं चार रुपये सुटतात, म्हणजे 60. नव्वदचा खड्डा तरी भरत नाही. शिवाय त्यातले निम्मे वडा नसता तरी चहाला आलेच असते.

वडा बंद केला नाही, सांबार बंद केलं. पीठ पाऊण किलोचं, 150 रुपयांत 16 प्लेटी. चटणी 100, गॅस 30. खर्च 280. चौदा खपल्या तर 350 येतात, सत्तर उरतात. बेळगावच्या पहिल्या बसचे दोन मास्तर रागावून समोरच्या गाड्यावर जातात. तिथं सांबार अजून फुकट आहे.