दिवाळीच्या सुट्टीची नोटीस

शनिवार, 19 ऑक्टोबर 2024

दिवाळीच्या नोटिशीचा मसुदा आज अखेर जवळजवळ पक्का झाला. गेटवरच्या फळ्यावर लागणारं हे एक पान. ते लिहायचं काम माझ्याकडे असतं आणि सही मोठ्या साहेबांची. आमची लोखंड ओतायची फाउंड्री भोसरीतली, त्यामुळे तिथल्या इतर कारखान्यांसारखी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. यंदाचा सगळा घोळ त्या गुरुवारानेच घातला.

31 ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आहे आणि नेमका गुरुवार आहे. शुक्रवारी लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज. वरून आलेल्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘वर्षभराच्या विक्रमी उत्पादनाबद्दल व्यवस्थापनाकडून चार दिवसांची दिवाळी सुट्टी भेट.’ हे वाक्य मला पटेना. यातला गुरुवार कामगारांचाच आहे, दर आठवड्याचा. उरलेले तीन दिवस वर्षाच्या सुरुवातीला युनियनबरोबर ठरलेल्या सणांच्या यादीत आहेत. मग भेट दिली कुठली? मोल्डिंगवरचा कोणीही पोरगा बोटांवर मोजून सांगेल, आणि ‘भेट’ खोटी ठरली की नोटिशीच्या शेवटी मानलेले आभारही कोणी खरे मानणार नाही. मी तिथे सरळ लिहिलं: ‘31 रोजी साप्ताहिक सुट्टी. 1, 2 व 3 नोव्हेंबर सणाच्या पगारी सुट्ट्या. सोमवार 4 रोजी पहिल्या पाळीपासून काम सुरू.’

खरा वाद पुढच्या गुरुवारचा होता. ऑर्डरी तुंबल्या आहेत, म्हणून उत्पादन विभागाचं म्हणणं असं की भाऊबीजेची सुट्टी बदली धरू आणि 7 नोव्हेंबरच्या गुरुवारी कारखाना चालवू. यादीतली सुट्टी अशी परत घेणं मला मुळात मान्य नव्हतं. पण वाद भावनेवर न्यायचा नव्हता, म्हणून कारखाने अधिनियमाचं कलम 52 काढून समोर ठेवलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घ्यायचं तर त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत कामगाराला पूर्ण दिवसाची दुसरी सुट्टी मिळाली पाहिजे. 7 च्या आधीचे तीन दिवस म्हणजे 4, 5 आणि 6. भाऊबीज 3 ला आहे, एका दिवसाने बाहेर. बदली करायचीच तर या तीनपैकी किंवा 7 नंतरच्या तीनपैकी आणखी एक दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल, म्हणजे कमावलं काहीच नाही.

याहून मोठं कारण मला कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंग खात्यातल्या मुकादमाने दिलं. मोल्डिंग आणि फेटलिंग मिळून आमच्याकडे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली बरीच माणसं आहेत. त्यांची दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही, ती छठपर्यंत चालते. यंदा मावळत्या सूर्याला अर्घ्य देण्याची संध्याकाळ 7 नोव्हेंबरची आणि उगवत्या सूर्याचं अर्घ्य 8 ला पहाटे. जे गावी जाणार नाहीत ते मोशीला इंद्रायणीच्या घाटावर जातात. म्हणजे आपण जो गुरुवार काढून घ्यायला निघालो होतो तोच त्यांचा सगळ्यात मोठा दिवस. त्यात ही माणसं बहुतेक कंत्राटी, ती युनियनमध्ये बोलायला येणार नाहीत. ती गप्प गैरहजर राहतील, आणि मग गैरहजेरीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे लाल खूण पडेल. मुकादम म्हणाला, “साहेब, गुरुवार तेवढा राहू द्या, शुक्रवारी दुसऱ्या पाळीला सगळे हजर करतो.” 7 चा गुरुवार राहिला. शुक्रवारी पहिल्या पाळीऐवजी दुसऱ्या पाळीला येण्याची मुभा नोटिशीत लिहून घेतली. नोटीस हिंदीतही लावणार आहोत.

सगळ्यांना सुट्टी मात्र नाही, आणि हे नोटिशीत लपवू नये असं माझं ठाम मत आहे. भट्टी चालू आठवड्यात थंड करणं परवडत नाही, म्हणून इंडक्शन भट्टीचं अस्तर बदलायला आम्ही दिवाळीची सुट्टी धरतो. जुनं अस्तर फोडून काढायचं, कॉइल तपासायची, पोलादी फॉर्मा मध्ये बसवून भोवती कोरडी सिलिका थराथराने ठासायची, आणि मग हळूहळू तापवत ते पक्कं करायचं. इथे घाई केली तर अस्तराला तडा जातो, आणि त्या तड्यातून वितळलेलं लोखंड कॉइलमधून फिरणाऱ्या पाण्यापर्यंत पोचलं तर स्फोट होऊ शकतो. सोमवारी सकाळी पहिलं लोखंड ओतायचं तर तापवणं रविवारी सुरू करावंच लागतं, म्हणजे भाऊबीजेला. म्हणून भट्टी आणि मेंटेनन्सच्या माणसांना आधी विचारलं. ज्यांच्या बहिणी गावाला आहेत त्यांना सोडलं. जे येणार आहेत त्यांची यादी, दुप्पट पगार आणि शिवाय एक बदली रजा, हे सगळं त्याच कागदावर छापलं आहे.

बोनसच्या ओळीवर साहेबांशी बराच वेळ बोललो. ‘आपल्या मेहनतीची दखल घेऊन बोनस जाहीर करताना आनंद होतो’ असं वाक्य होतं. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या नफ्याच्या काळात बोनस सुरू झाला. तो मालकांनी 1923 सालासाठी नाकारला, तेव्हा 1924 च्या सुरुवातीला गिरणी कामगारांनी मोठा संप केला. बोनस हा आपला हक्काचा पैसा, ही समज तेव्हापासूनची आहे. 1965 च्या कायद्याने तर किमान बोनस बांधूनच दिला, तो पुढे 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. हिशेब मात्र सगळ्या पगारावर होत नाही. महिना 7,000 रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यात जे जास्त त्यावर तो होतो. 7,000 वर पूर्ण वर्षाचे 84,000, त्याचे 8.33 टक्के सुमारे 6,997. किमान वेतन 13,000 धरलं तर हीच रक्कम 12,995 च्या आसपास जाते. आकडा कुठल्या रकमेवर काढला हे कळलं नाही की कामगाराला पैसे कापल्यासारखं वाटतं, आणि दिवाळीच्या तोंडावर टाइम ऑफिसच्या खिडकीशी रांग लागते. म्हणून यंदा प्रत्येकाच्या चिठ्ठीवर हिशेब छापणार आहोत.

एक गोष्ट मात्र व्यवस्थापनाने खरोखर आपणहून केली. कायद्याने बोनस 30 नोव्हेंबरपर्यंत दिला तरी चालतो, तो 25 ऑक्टोबरला खात्यात जमा होणार आहे. हे नोटिशीत लिहिलं. मिठाईचा पुडा हीदेखील भेटच, तिला भेट म्हटलं. तो कंत्राटी माणसांनाही तोच मिळेल, हे वेगळं सांगून घेतलं.

आता आभार. ‘विक्रमी उत्पादन’ खोडलं. किती टन ओतलं यापेक्षा किती टन चांगला माल बाहेर पडला, हे शॉपमधल्या माणसाला जास्त ठाऊक असतं. यंदा जुलैत पावसाने साच्यांच्या वाळूत ओल वाढली आणि ब्रॅकेटच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ भोकं, येऊ लागले. प्रयोगशाळेत नमुना पाळीला दोनदाच जायचा. सँड प्लांटवरच्या दुसऱ्या पाळीच्या माणसांनी प्रत्येक बॅच मुठीत दाबून पाहायला सुरुवात केली. गोळा मोडला की कड धारदार राहिली पाहिजे आणि तळहाताला वाळू चिकटता कामा नये. चिकटली की ते मिक्सरचं पाणी कमी करायचे, आणि तेवढ्याने रिजेक्शन उतरायला लागलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नोटिशीत हे असंच घातलं, सँड प्लांटच्या दुसऱ्या पाळीचा स्पष्ट उल्लेख करून. साहेबांनी वाचलं, म्हणाले, “बाकीच्या खात्यांना वाईट वाटेल.” मी म्हटलं, मग त्यांचंही असंच एकेक काम शोधू. तासाभरात फोरमन मंडळींना बोलावून कोअर शॉप आणि डिस्पॅचची दोन वाक्यं मिळाली. मेंटेनन्सचं अजून यायचं आहे, ते सोमवारी सकाळी घेतो आणि दुपारच्या पाळीआधी नोटीस लावतो.