टेक्नॉलॉजीच्या पानावर चाव्यांचा हिशेब

"तुमच्या बिझनेस प्लॅनमधलं टेक्नॉलॉजीचं सेक्शन दोनच पानांचं का? आणि त्यातलं अर्धं पान कुठलं अकाउंट कुणाच्या नावावर आहे यातच का घालवलंय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही.

आधीचं सेक्शन अकरा पानांचं होतं. त्यात बाण होते, निळे चौकोन होते, एक ढगाचं चित्र होतं आणि "बँकेच्या दर्जाची सुरक्षा" असं ठळक अक्षरात होतं. ते मी लिहिलं नव्हतं, मी बीकॉम आहे. शेतकऱ्यांकडून दूध घेऊन त्याचं बिल काढायचं आमचं सॉफ्टवेअर ज्याने फ्रीलान्सिंगवर बांधलं त्या मुलाने लिहून दिलं, मी फॉन्ट बदलला आणि पाठवत राहिले. समोरच्याला कळत नव्हतं, मला कळत नव्हतं, मीटिंग मस्त व्हायच्या.

एकदा कोल्हापूरकडचे एक फाउंड्रीवाले काका बसले होते समोर. अकरा पानं त्यांनी शांतपणे उलटली आणि म्हणाले, "ताई, माझी भट्टी मधेच बंद पडली आणि मेकॅनिक पुण्याहून यायचा असेल तर तोवर लोखंड आतच गोठतं. तुमचा हा पोरगा उद्या फोन उचलेनासा झाला तर दुधाचं बिल कोण काढणार?" मी म्हणाले, डॉक्युमेंटेशन आहे सर, रोजचा बॅकअप आहे. यातलं काहीच खोटं नव्हतं हे आजही सांगते. बॅकअप खरंच रोज होत होता.

मग ती २० तारीख आली.

दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, म्हणजे ११ ते २० चा हिशेब २१ ला बँकेत गेला पाहिजे. आमची तेव्हा चौदा कलेक्शन सेंटरं होती. त्या दिवशी सकाळी साडेसहाला एका सेंटरवरून फोन, "ताई, ते वरचं हिरवं लाल झालंय." ते वरचं हिरवं म्हणजे सर्व्हरशी जोडलेलं आहे याची खूण. नेट गेलं असेल म्हणून मी परत झोपले. आठपर्यंत सगळीकडचं लाल होतं.

झालं होतं असं की क्लाउडचं अकाउंट त्या मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं होतं आणि त्याचंच कार्ड जोडलेलं होतं. सुरुवातीला घाईत केलं, नंतर बदलू म्हणालो आणि दोन वर्षं गेली. मधल्या काळात त्याला परदेशात नोकरी लागली, कार्डची मुदत संपली, क्लाउड कंपनीने पैसे भरा म्हणून मेल पाठवले ते त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, आणि शेवटी अकाउंट बंद. लॉगिनला ओटीपी लागायचा तो त्याच्या जुन्या भारतातल्या नंबरवर. आणि रोजचा बॅकअप? तो त्याच अकाउंटमध्ये होता. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं. क्लाउड कंपनीला फोन केला तर त्यांचं म्हणणं सरळ होतं, ज्याचं अकाउंट त्याच्याशीच बोलू. माझी कंपनी, माझे शेतकरी, पण त्यांच्या लेखी मी कोणीच नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या मुलाने बरोबर केली होती आणि त्याचं श्रेय देते. नेट नसलं तरी सेंटर चालावं म्हणून प्रत्येक नोंद आधी सेंटरच्याच कॉम्प्युटरवर लिहिली जायची आणि नंतर वर जायची. म्हणजे डेटा खाली होता. पण जुने कॉम्प्युटर भरू नयेत म्हणून वर पोचलेल्या नोंदी सात दिवसांनी रात्री बारा वाजता आपोआप पुसल्या जायच्या. २० तारखेला खाली होतं १४ ते २०. ११, १२, १३ नाही. आणि त्या रात्री बाराला १४ पण जाणार होती. हे लक्षात आलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. चौदाही ठिकाणी फोन करून संध्याकाळचं दूध संपलं की कॉम्प्युटर बंदच करा म्हणलं, २१ ची सकाळ वहीवर घेतली, आणि माझा भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन गाडीवर फिरला.

राहिले तीन दिवस. प्रत्येकाला दुधाची पावती मिळते, ती मागवली. पावती थर्मल कागदाची असते, त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षर काळं उमटतं आणि उष्णतेनेच कागद खराबही होतो. खिशात घामाने भिजलेल्या, गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेल्या, चुलीपाशी खोचलेल्या पावत्या आल्या. निम्म्या वाचता येत नव्हत्या. ज्यांच्या वाचता आल्या नाहीत त्यांना उरलेल्या सात दिवसांची सरासरी लावली.

एक मावशी आल्या. त्यांची सरासरी दिवसाला ११ लिटर, दर ३३ रुपये पडत होता, तीन दिवसांचे १,०८९ रुपये. त्या म्हणाल्या, "माझी एक गाय १४ तारखेपासून आटवलीय गं, त्याआधी मी पंधरा लिटर घालत होते." सरासरीच्या हिशेबात ही गाय बसतच नव्हती. पंधराने १,४८५ होतात, फरक ३९६ रुपयांचा. माझ्याकडे त्यांना खोटं ठरवायला काही नव्हतं आणि खरं ठरवायलाही. दिले. बाकीचे रांगेत बघत होते, त्यातल्या किती जणांना मग गाय आटवल्याचं आठवलं ते विचारू नका. बिल चार दिवस उशिरा गेलं.

पाचव्या दिवशी त्या मुलाचा फोन लागला. अर्ध्या तासात त्याने थकबाकी भरली, थोड्या वेळाने अकाउंट सुरू झालं आणि सगळं जसंच्या तसं होतं, एक नोंद हललेली नव्हती. मावशींचे तीन दिवसांचे ४४.६ लिटर. त्या ४५ म्हणाल्या होत्या.

म्हणून आता ते सेक्शन तसं आहे.

साधनांबद्दल एक परिच्छेद आहे. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे दुधातले घन घटक, यांचा आकडा मशीनमधून केबलने थेट कॉम्प्युटरमध्ये येतो, माणूस टाइप करत नाही, हे पहिलं वाक्य, कारण शेतकऱ्याचा संशय नेमका तिथेच असतो. मग डेटाबेस पोस्टग्रेस आणि शेतकऱ्यांचं अ‍ॅप फ्लटरमध्ये. इंजिनियर मित्र हसतात, म्हणतात यात नवीन काय. नवीन नाही हेच लिहिलंय. ही नावं अशासाठी दिलीत की आमचा माणूस गेला तर पुण्यात ते काम जमणारा दुसरा सापडतो. पैसे घालणाऱ्याला साधनाचं नाव घेऊन करायचंय काय, ते साधन चालवणारा बाजारात मिळतो का एवढंच त्याच्या कामाचं.

बांधणीच्या वेळापत्रकात आधी "पहिला टप्पा, दुसरा टप्पा" होतं आणि टप्पा संपला असं आम्हीच जाहीर करायचो. आता नवीन सेंटरवर तीन बिलं, म्हणजे महिनाभर, वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालतात आणि दोन्हीकडची रक्कम प्रत्येक शेतकऱ्याची जुळली तरच टप्पा संपला. पहिल्याच सेंटरवर जुळली नाही. नेट मधेच गेलं की तीच नोंद दोनदा वर जायची आणि एका माणसाचं सकाळचं दूध दुप्पट दिसायचं. आता नोंद खाली तयार होतानाच तिला स्वतःचा नंबर मिळतो आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हर घेत नाही. असल्या गोष्टी प्लॅनमध्ये लिहायच्या का यावर भावाशी भांडण झालं. लिहिल्या.

सुरक्षेचं "बँकेच्या दर्जाची" काढून टाकलं. त्याऐवजी आमच्याकडे काय आहे ते लिहिलं: नाव, मोबाईल, खातं नंबर, दूध. आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून ठेवल्या होत्या, कशाला ते कुणालाच सांगता येईना, त्या पुसल्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, जे लागत नाही ते सांभाळायची जोखीम कशाला. आणि आम्हाला खरी भीती कुठल्या हॅकरची नाही, बिलाच्या आदल्या रात्री कुणीतरी आतल्याच माणसाने खातं नंबर बदलण्याची आहे. म्हणून खातं बदलायला दोन माणसांची मंजुरी लागते आणि शेतकऱ्याच्या जुन्या मोबाईलवर मेसेज जातो.

देखभालीचं अर्धं पान म्हणजे तुम्ही विचारता ते. डोमेन, क्लाउड, कोड, एसएमएसचं अकाउंट, प्रत्येकापुढे ईमेल कंपनीचा आहे का, पैसे कुठल्या कार्डातून जातात, कार्ड कधी संपतं, ओटीपी कुणाकडे येतो. बॅकअपची एक प्रत वेगळ्या अकाउंटमध्ये, वेगळ्या लॉगिनने. आणि महिन्यातून एकदा ती प्रत कोऱ्या कॉम्प्युटरवर चढवून मागचं बिल काढून बघतो, रक्कम जुळली तर तारीख लिहितो. पहिल्यांदा पाच तास लागले आणि बिलच निघालं नाही, कारण दरपत्रकाची फाइल बॅकअपमध्ये कधी घेतलीच नव्हती. आता पावणेदोन तास लागतात. कोणी नुसतं "रोज बॅकअप होतो" म्हणालं की मी विचारते, शेवटचा कधी चढवून बघितला? बहुतेक वेळा समोरचा पाणी पितो.

आता राहिलं ते. मशीनच्या केबलचा भाग, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं आकडे वेगवेगळ्या पद्धतीने पाठवतात ते वाचणारा कोड, आजही एकाच माणसाला नीट येतो. हा आधीचा नव्हे, नवा मुलगा; चांगला आहे, पगारावर आहे, इथेच राहतो. दुसरी मुलगी शिकतेय, पाचपैकी दोन मशीनं तिला जमतात. मी हे तसंच्या तसं लिहिलं आणि एका गुंतवणूकदाराने त्याच ओळीवर बोट ठेवून नाही म्हणलं. भाऊ म्हणतो ती ओळ नसती तर पैसे आले असते आणि त्याच पैशात दुसरा माणूस ठेवला असता. त्याचं चुकलंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. अकरा पानांवर निदान लोक माना तरी डोलवायचे.

फाउंड्रीवाल्या काकांनी अजून पैसे दिलेले नाहीत. दर महिन्याला फोन करून किती वेळ लागला एवढंच विचारतात. मागच्या वेळी मी पावणेदोन तास म्हणाले तर काका म्हणाले, "आणि ते केबलचं?" मी म्हणाले, दोन मशीनं झाली, तीन राहिलीत.