आमची वाटचाल: काळी चांदी आणि जर्मन सिल्व्हर

हुपरीच्या कारागिरांकडून चांदीची जोडवी आणि पैंजण आणून पुण्यात विकायचे, एवढ्यावर आमचं दुकान सुरू झालं. पुढे कॉलेजच्या मुली ऑक्सिडाइज्ड झुमके मागू लागल्या. तेव्हा आम्ही कारागीर ठेवून घडणावळ घरीच सुरू केली आणि जर्मन सिल्व्हरचा मालही ठेवला. पहिल्या दिवसापासून दोन्हींच्या पेट्या वेगळ्या आहेत, कारण जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. साधारण साठ टक्के तांबं आणि बाकी निकेल व जस्त, असं ते मिश्रण असतं. निकेलमुळे ते पांढरं दिसतं. आमच्या चांदीच्या दागिन्यात मात्र हजार ग्रॅममागे ९२५ ग्रॅम चांदी असते आणि उरलेलं तांबं, कारण शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे लगेच वाकते.

दागिन्याला ऑक्सिडाइज्ड म्हणत असले, तरी चांदीवरचा हा काळा रंग गंधकामुळे येतो. घडवून, डाख लावून झालेला झुमका आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुतात. मग लिव्हर ऑफ सल्फर हे गंधकाचं रसायन घातलेल्या कोमट पाण्यात बुडवतात. तो आधी सोनेरी होतो, मग तपकिरी, जांभळट-निळा आणि शेवटी काळा. द्रावण कडक किंवा फार गरम असेल तर थर जाड बसतो आणि पुढे पापुद्रे सुटतात, म्हणून आमचे कारागीर सौम्य पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवतात. नंतर बफवर वरचा भाग उजळला, की काळा रंग फक्त खोबणीत उरतो आणि नक्षी उठून दिसते.

जर्मन सिल्व्हर या पाण्यात नीट काळं होत नाही, निकेल दाद देत नाही. म्हणून त्यावर आधी चांदीचं पातळ पाणी चढवतो, ते काळं करतो आणि वरून लॅकर मारतो.

हा फरक घरी कळतो. एका काकूंनी दोन्ही प्रकारचे झुमके चांदी उजळायच्या द्रावणात बुडवले. दोन्हींची काळी नक्षी गेली. चांदीचे झुमके आम्ही पुन्हा काळे करून दिले. जर्मन सिल्व्हरचे मात्र घासल्यावर वरचं पाणीही उडालं होतं, आतला पिवळसर धातू दिसत होता. ते पुन्हा पाणी चढवल्याशिवाय सुधारणार नव्हते.

म्हणून टूथपेस्ट, चिंच, रांगोळी यांनी काहीच घासू नका. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम पुसा आणि दागिना हवाबंद पिशवीत ठेवा. अत्तर आधी लावा, दागिना नंतर घाला. जर्मन सिल्व्हरने कानाची पाळी लाल होऊन खाजली तर ते बहुधा निकेलमुळे असतं. अशा गिऱ्हाइकांना आम्ही झुमक्याची दांडी चांदीची बसवून देतो. तरीही खाज राहिली, तर पूर्ण चांदीचेच झुमके घ्यायला सांगतो.