फोटोतला स्क्रू गेज: ०.४६ की ०.९६?

रेल्वेच्या डब्याच्या मॉडेलचं काम पत्र्यापर्यंत आलं. वागळे इस्टेटमधल्या भंगारातून ॲल्युमिनियमचा एक तुकडा मिळाला, पण जाडी विचारली तर "पातळच आहे, साहेब" एवढंच उत्तर. स्क्रू गेज ऐरोलीच्या मित्राकडे आहे, म्हणून पत्रा त्याच्याकडे दिला. त्याने मापं घेऊन फोटो पाठवले.

गेजचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात डोकं सरकतं ते अंतर, ०.५ मिमी; फिरत्या डोक्यावर ५० भाग. म्हणजे लीस्ट काउंट, एका भागाचं माप, ०.५ ÷ ५० = ०.०१ मिमी. फोटोत आधाररेषेसमोर ४६ वा भाग आहे. दांड्यावर शून्याची रेघ स्वच्छ दिसते आणि तिच्या पुढची अर्ध्या मिमीची रेघ डोक्याच्या कडेखालून जेमतेम डोकावते. ती धरली तर ०.५ + ०.४६ = ०.९६, नाही धरली तर ०.४६. जाडी एकदम दुप्पट!

निकाल ४६ हाच आकडा लावतो. डोकं ४६ वर असेल तर ते पुढच्या रेघेपासून फक्त ४ भाग, म्हणजे ०.०४ मिमी लांब असतं. रेघेलाही स्वतःची रुंदी असते, त्यामुळे कड तिच्यावर पोचण्याआधीच तिचा काठ दिसू लागतो. माप खरंच ०.९६ असतं, तर अर्ध्याच्या रेघेपुढे जवळपास अर्धा मिमी कोरा धातू दिसला असता आणि डोकावणारी रेघ १ मिमीची असती. तेव्हा ०.४६. आकडा ४५ च्या पुढे असला की अर्धवट दिसणारी रेघ मोजायची नाही.

फोटोची एक खोड मात्र आहे. डोक्याची कड दांड्यापेक्षा किंचित उंच असते, त्यामुळे कॅमेरा वर-खाली तिरका धरला की एखादा भाग सहज सरकतो. मित्राला सांगून आधाररेषा फोटोच्या मधोमध घेतली, थोडं लांबून झूम करून. रॅचेट वाजेपर्यंत फिरवायचं, हेही सांगितलं.

जबडे मिटवलेल्या फोटोत आधाररेषेवर ० ऐवजी १ आला, म्हणजे धन शून्यत्रुटी ०.०१. ती वजा करून जाडी ०.४५ मिमी.

मग त्याच पत्र्याचे चार तुकडे, कडा कानशीने घासून, एकावर एक ठेवले. दांड्यावर १.५, डोक्यावर ३३, म्हणजे १.८३. त्रुटी वजा करून १.८२, चाराने भागून ०.४५५. डोक्यावरचा एका भागाचा घोळ इथे चौघांत वाटला जातो. चळतीत हवा किंवा कचरा अडकला तर उत्तर उलट फुगतं, पण इथे एकेरी मापाशी ते जुळलं.

ब्रिटिश गेजच्या तक्त्यात २६ गेज ०.४५७ मिमी, २० गेज ०.९१४ मिमी. आपला तुकडा २६ गेजचा दिसतो. बाजूंच्या भिंतींना चालेल, छपराच्या गोलाईला अजून पातळ शोधतोय.