सगळ्यांचा अंगठा आणि मावशींचं स्टेटस

लेकीचे फोटो बाहेर कुठे टाकू नका, असं नातेवाइकांना सांगायचं म्हणजे भांडण विकत घेणं, असं मला आधी बऱ्याच जणींनी घाबरवलं होतं. भांडण झालंच नाही. ग्रुपवर सगळ्यांनी मेसेजला अंगठा दिला, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या मावशींच्या स्टेटसवर लेक शाळेच्या गणवेशात झळकली. बिल्ल्यावरचं शाळेचं नाव सहज वाचता येत होतं आणि खाली तिचं पूर्ण नाव आडनावासकट. हा वैताग भांडणापेक्षा वाईट.

मेसेज नवऱ्याने टाकला होता, कारण ग्रुप त्याच्या माहेरचा! मजकूर असा होता: "पिल्लूचे फोटो आम्ही इथे टाकत राहू, मनसोक्त बघा. एकच विनंती, ते ग्रुपच्या बाहेर, म्हणजे स्टेटस, डीपी, फेसबुक, इन्स्टाग्राम, कुठेच नकोत. हे आम्हा दोघांचं ठरलंय. आधीचे काढायला मदत लागली तर सांगा." जागांची नावं एकेक करून लिहाच. नुसतं "ऑनलाइन टाकू नका" म्हटलं, तर व्हॉट्सअ‍ॅप त्यात येतं हे कित्येकांच्या गावी नसतं. "आम्हा दोघांचं" हेही ठेवा, नाहीतर सगळं खापर सुनेवर फुटतं.

काकांनी फेसबुकवरची वाढदिवसाची पोस्ट फोन केल्या केल्या काढली. इतर कुणी हूं की चूं केलं नाही. अडलं ते मावशींपाशी.

त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, मी कुठे बाहेर टाकला? आपल्याच माणसांना दाखवला." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी स्टेटस म्हणजे ग्रुपचाच आणखी एक कोपरा. त्यांनी ते स्टेटस काढलं, मग पुन्हा नवीन फोटो लावला, मी पुन्हा फोन केला. "चोवीस तासांत आपोआप जातंच की," हे वर. जातं हो, पण तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट घेतला तर व्हॉट्सअ‍ॅप आपल्याला कळवत नाही. हे फोनवर कितीही सांगितलं तरी त्यांना पटत नव्हतं, आणि माझा आवाज चढायला लागला होता.

शेवटी त्यांच्याकडे जाऊन शेजारी बसले. त्यांच्याच फोनवर त्यांचंच स्टेटस उघडलं आणि खालची डोळ्याची खूण दाबायला लावली. कुणी कुणी पाहिलं त्याची यादी आली. पहिले चार-पाच घरचे. मग फ्लॅटचा एजंट. मग गाडीवाला, कधीतरी एकदा बोलावलेला. मग नुसतंच "नवीन नंबर" असं सेव्ह केलेला कुणीतरी. मावशींनी चष्मा वर सरकवून विचारलं, "हा कोण?" मला काय माहीत! त्यांनाही आठवेना. तुम्ही ज्याचा नंबर सेव्ह केलाय आणि ज्याने तुमचा सेव्ह केलाय, त्या प्रत्येकाला स्टेटस दिसू शकतं, हे मी तेव्हा सांगितलं आणि एका वाक्यात काम झालं. बरं, ज्यांनी निळ्या टिका बंद ठेवल्यात ते बघूनही या यादीत येत नाहीत, म्हणजे बघणारे जास्तच.

फोटो लावायचाच असेल तर Status privacy मध्ये Only share with निवडून फक्त घरचे ठेवता येतात. मावशींना तेही करून देणार होते, पण एकदा बदललं की पुढच्या सगळ्याच स्टेटसना तेच लागू राहतं. त्यांचं रोजचं सुप्रभात मग मैत्रिणींपर्यंत पोचलं नसतं आणि आठवड्याभरात त्यांनी ते पहिल्यासारखं करून घेतलं असतं. शिवाय आधी लावलेल्या स्टेटसवर या बदलाचा काही परिणाम होत नाही, ते हातानेच काढावं लागतं. म्हणून सरळ ठरलं, नातीचा फोटो स्टेटसला नाही. त्या बदल्यात दर रविवारी मी त्यांना वेगळे फोटो पाठवते, ग्रुपवर न येणारे. हा मानाचा भाग आहे आणि तो चुकवू नका. फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या या युक्तीने मेसेजपेक्षा जास्त काम केलं.

हां, फेसबुकचं एक राहिलं. पोस्ट Friends पुरती असली तरी त्यात कुणाला टॅग केलं की सहसा त्याच्या मित्रांनाही ती दिसते. काकांच्या पोस्टवर आम्हा दोघांना टॅग होतं. म्हणून नुसतं "Public काढा" सांगून भागत नाही, टॅगही बघा. आणि हे सगळं वाढदिवसाच्या आधी बोलून घ्या. फोटो एकदा लागला आणि त्यावर शुभेच्छा जमल्या की काढायला सांगताना आपल्यालाच जड जातं.