एकाच जागी तीनदा पंक्चर

तीन आठवड्यांत माझ्या सायकलचं मागचं चाक चार वेळा बसलं. त्यातली तीन पंक्चरं एकाच जागी होती आणि ते मला दुकानात कोणीही सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मी वारज्याहून शिवाजीनगरला रोज सायकलने जातो, एका बाजूला साधारण दहा किलोमीटर. हायब्रिड सायकल, कंपनीचेच 28 मिमी रुंदीचे टायर. पहिल्या पंक्चरला दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले, घासून सोल्युशन लावलं, पॅच मारला. पाच दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी म्हणाला, "साहेब, ट्यूबच गेलीय, नवीन टाका." टाकली. वर टायरच्या आत बसवायची प्लास्टिकची पट्टीही विकली. आठव्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर चाक जमिनीला टेकलेलं.

त्या दिवशी ऑफिसला रिक्षाने गेलो आणि रात्री चाक घरीच खोललं. काढून ठेवलेली जुनी ट्यूब आणि नवीन ट्यूब, दोन्हींचे व्हॉल्व्ह जुळवून फरशीवर शेजारी शेजारी पसरल्या. जुनीवर पहिला पॅच आणि दुसरं भोक एकमेकांना चिकटून, व्हॉल्व्हपासून दीड वितीवर. नव्या ट्यूबचं भोकही दीड वितीवरच. दुकानदार टायरची एकच कड सोडवून ट्यूब ओढून काढायचा, त्यामुळे टायर रिमवर फिरलाच नव्हता. म्हणजे टोचणारी वस्तू टायरमध्येच बसली होती आणि ट्यूब बदलून काही होणार नव्हतं.

टायरच्या आतून नुसतं बोट फिरवलं तेव्हा काही लागलं नाही. मग कापसाचा बोळा फिरवला, तर दीड वितीवर त्याचा एक तंतू अडकला. टायर तिथे उलटा वाकवला तेव्हा केसाएवढी बारीक तार दिसली, जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर आलेली. ट्रकचे टायर फाटले की त्यातल्या पोलादी तारा रस्त्यावर पडतात. हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्या हमखास असतात. वजन पडलं की तार आत जाते, एरवी मागे सरकते, म्हणून हवा सावकाश उतरायची आणि वरवर बघून काही कळायचं नाही. ती प्लास्टिकची पट्टी जागेवरून सरकून तारेच्या बाजूला गेली होती. भुवयांच्या चिमट्याने तार उपटली आणि ते पंक्चर कायमचं थांबलं. दुकानात पॅच मारून घेत असाल, तरी "टायर आतून कापसाने बघा" असं म्हणा आणि समोर उभे राहा.

चौथं पंक्चर वेगळं होतं. कर्वे रोडला खड्ड्यात चाक आपटलं, रिमचा खणकन आवाज आला आणि शंभर पावलांत हवा गेली. या वेळी ट्यूबला भोकं दोन, शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी. हे टोचल्याचं नसतं. हवा कमी असली की खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते. मी हवा अंगठ्याने दाबून बघत होतो. गेजवाला पंप आणून मोजली, तर पुढच्या चाकात 45 पीएसआय निघाली. मी 78 किलोचा, सायकल आणि बॅग मिळून आणखी 19. एवढ्या वजनाला 28 मिमीच्या मागच्या टायरमध्ये 85 च्या आसपास लागते. पण तेवढी भरली की आमच्या रस्त्यावर हाताला मुंग्या येतात. अरुंद टायरची ही अडचण सुटत नाही.

म्हणून 35 मिमी घेतले. टायर उंच, त्यामुळे कमी हवेतही रिम खड्ड्याला सहजी टेकत नाही. मागे 60, पुढे 50 वर सुरुवात केली आणि दर दोन दिवसांनी पाच-पाच कमी करत गेलो. 50 ला मागे वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला, एकदा रिमही ठोकला, म्हणून परत 55 वर आलो, पुढे 45. टायरच्या कडेवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायचीच असं नाही. घेण्याआधी चाक धरणारा चिमटा, ब्रेक आणि मडगार्डपाशी दोन्हीकडे पाच मिलिमीटर तरी मोकळी जागा राहील का ते मोजा, नाहीतर पावसाळ्यात चिखल तिथेच अडकतो.

टायर पंक्चररोधक थराचा घेतला. टायर जड आहे, चढावर ते जाणवतं. काच आणि तारा तो बऱ्याच थोपवतो, पण थर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतो. बाजूची भिंत उघडीच राहते आणि हवा कमी ठेवली तर साप चावतोच. म्हणून दर रविवारी गेजने मोजतो, आठवड्यात चार-पाच पीएसआय उतरलेली असते.

आणखी एक राहिलं. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणायचं. मग ट्यूबचं भोक मोजलं की टायरवरची जागा लगेच सापडते. ट्यूब उलटसुलट बसली असेल तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना बघायचं.