बिनकराच्या बिलांचा गठ्ठा

१५ जून २०२५, रविवार. पाऊस अजून आला नव्हता आणि कूलरचं पाणी दुपारपर्यंत दोनदा भरून झालं होतं. नागपुरातल्या सक्करदऱ्यातलं आमचं किराणा दुकान रविवारी दुपारी दोन ते पाच बंद असतं. त्या तीन तासांत वर्षाचा हिशेब उरकायचा, असा आमच्याकडचा जूनचा रिवाज आहे. बाबा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायचा. त्यांना दर तिमाहीला कराचा फॉर्म सीएमपी-०८ आणि वर्षातून एकदा वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-४ भरावा लागतो. २०२४-२५ च्या जीएसटीआर-४ ची शेवटची तारीख होती ३० जून.

फॉर्म भरतात आमचे कर सल्लागार काका. माझं काम आकडे जमवून देण्याचं. मी एका औषधांच्या होलसेलरकडे बिलिंगला आहे, त्यामुळे घरात जीएसटी म्हटलं की सगळ्यांची मान माझ्याकडे वळते. पण आमच्या हापिसात साधी योजना आहे, कंपोझिशन नाही. हा फरक मी आधी नीट समजून घेतला असता तर ही गोष्ट दोन-तीन वर्षं आधीच लिहिली असती.

खरेदीची बिलं पोर्टलवर दिसणाऱ्या आकड्यांशी ताडून बघायची होती. म्हणून मी जमिनीवर चटई टाकून दोन गठ्ठे लावायला घेतले. डावीकडे कर लागलेली बिलं: तेल, साबण, बिस्किटं, चहा, साखर. उजवीकडे कर शून्य असलेली: कळमन्याहून आलेल्या तांदूळ-गव्हाच्या कट्ट्यांची, इतवारीतल्या सुट्या डाळींची, दुधाच्या पिशव्यांची. तासाभरात उजवा गठ्ठा चांगला वर आला. वाऱ्याने उडू नये म्हणून मी त्यावर पावशेराचं वजन ठेवलं, आणि ठेवता ठेवता सहज म्हणाले, "बाबा, या मालावर कर नाही ना?"

"नाही. सुट्या धान्यावर कुठला आला?"

"मग विकताना आपण भरून काहून राहिलो?"

बाबा पोथीसारखी वही मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आपला एक टक्का सगळ्या विक्रीवर. सुरुवातीपासून तसाच आहे."

वर्षाची विक्री होती ५८,६०,००० रुपये. चार तिमाह्यांत मिळून भरलेला कर ५८,६०० रुपये. म्हणजे बाबा म्हणत होते तेच बरोबर, सगळ्या विक्रीवर एक टक्का. आमच्या हापिसात करमुक्त विक्री वेगळ्या ओळीत जाते आणि तिच्यावर कर निघत नाही. इथे तशी ओळच नव्हती. सीएमपी-०८ उघडून पाहिला, तर पहिलीच ओळ `Outward supplies (including exempt supplies)`. म्हणजे करमुक्त माल धरूनच विक्री लिहा. लिहा म्हटलंय ते लिहिलं, आणि त्याच आकड्याचा एक टक्का काढला. कोणीही तेच केलं असतं.

पण ती ओळ फक्त विक्रीची किंमत विचारते. योजनेची दीड कोटींची मर्यादा मोजताना करमुक्त मालही धरला जातो, त्यामुळे सरकारला तो आकडा हवाच असतो. कर मात्र व्यापाऱ्याने भरायचा तो करपात्र मालाच्या विक्रीवर, अर्धा टक्का केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. एकाच ओळीत दोन वेगळ्या रकमा लपल्या होत्या.

मी काकांना फोन लावला. रविवारी दुपारी लावला म्हणून आधी थोडं ऐकून घेतलं. मग ते गप्प झाले आणि म्हणाले, "थांब, मी शीट बघतो." पंधरा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. खुलासा साधा होता. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला तेव्हा कंपोझिशनच्या व्यापाऱ्याला खरंच एकूण विक्रीवर एक टक्का भरावा लागे, करमुक्त मालासकट. १ जानेवारी २०१८ पासून तो फक्त करपात्र विक्रीवर झाला. काकांनी पहिल्या सहा महिन्यांत जी एक्सेल शीट बनवली, तिच्यातलं सूत्र तसंच राहिलं. दर तिमाहीला बाबा एकूण आकडा सांगत, शीट शंभराने भागे. माणूस मान्य करत होता, यातच मला बरं वाटलं.

आता करमुक्त विक्री किती, हे काढायचं होतं आणि खरी मेहनत तिथेच लागली. आमच्याकडे प्रत्येक मालाच्या विक्रीचा वेगळा हिशेब नाही. गल्ल्यात दिवसाचा एकच आकडा. म्हणून उलटीकडून गेले: सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवायची, शेवटचा साठा वजा करायचा, उरेल तो माल विकला. तांदळाचं सांगते. १ एप्रिलला ८ कट्टे शिल्लक होते, वर्षभरात २१२ आले, ३१ मार्चला १० उरले. म्हणजे २१० कट्टे विकले, ५० किलोचे. १०,५०० किलो. जय श्रीराम, एचएमटी आणि साधा धरून सरासरी ५२ रुपये किलो, म्हणजे ५,४६,००० रुपये. सरासरी भाव मनाने ठरवला नाही. बाबांच्या वहीत भाव बदलला की तारीख टाकून लाल पेनाने लिहिलेला असतो, तिथून घेतला.

सुटं जे जे विकतो त्याची आणि दुधाच्या पिशव्यांची अशी बेरीज केली, तर आली २९,१०,०००. म्हणजे २९,१०० रुपये जास्त गेले! मी आईला हाक मारून सांगितलंसुद्धा. घाई झाली.

काकांनी यादी मागवली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. पहिली, साखर, सुकी मिरची आणि शेंगदाणे. हे आम्ही पोत्यातून सुटंच विकतो, पण सुटं विकलं म्हणजे करमुक्त झालं, असं नाही. डाळ, तांदूळ, गहू, पोहे, गूळ सुटे असले तर करमुक्त. साखर सुटी असली तरी करपात्र. खरं तर ही बिलं माझ्या डाव्या गठ्ठ्यातच होती, यादी करताना मी तराजूकडे बघितलं आणि बिलाकडे नाही. ४,२०,००० तिथे कमी झाले.

दुसरी ओळ आमच्या दुकानाची खासियत होती. सकाळी सात ते नऊ गर्दी असते, तेव्हा तोलत बसायला वेळ नसतो. म्हणून बाबा रात्री अर्धा किलो पोह्यांच्या आणि एक किलो डाळीच्या पिशव्या भरून ठेवतात. तोंड मेणबत्तीवर बंद करतात आणि वर दुकानाच्या नावाचा स्टिकर, वजन आणि भाव. मी यांना सुटंच धरलं होतं, कारण माल त्याच पोत्यातला.

काकांनी विचारलं, "पिशवी भरताना गिऱ्हाईक समोर असतं का?"

"नाही, ते तर सकाळी येतं."

"मग ती पॅकबंद आणि लेबल लावलेली वस्तू झाली. १८ जुलै २०२२ पासून त्यावर कर आहे."

म्हणजे पोहे तेच, पोतं तेच, हातसुद्धा बाबांचेच. गिऱ्हाइकासमोर तोललं तर करमुक्त, रात्री भरून स्टिकर लावला तर करपात्र. आमच्या कोपऱ्यावरचा तर्री-पोहेवाला दहा किलो सुटे पोहे नेतो ते करमुक्त, आणि शेजारच्या काकू अर्ध्या किलोची पिशवी नेतात ती करपात्र. पिशव्यांचा अंदाज घ्यायला स्टिकरचे रोल कामी आले, वर्षात किती रोल संपले ते बाबांना माहीत होतं. १,५०,००० आणखी कमी.

शेवटी करमुक्त विक्री उरली २३,४०,०००. करपात्र ३५,२०,०००. भरायला हवा होता ३५,२०० रुपये कर, भरला ५८,६००. जास्तीचे २३,४००.

बाबांना आकडा सांगितला, तर पहिलं वाक्य हे: "जास्तच गेले ना? कमी गेले असते तर नोटीस आली असती." आणि थोड्या वेळाने, वही मिटून, "मालक-नोकर मी एकटाच बे, तेवीस हजार म्हणजे वर्षाचं लाइटबिल." 'बे' ते माझ्यासमोर एरवी बोलत नाहीत.

गिऱ्हाइकाकडून आम्ही हा कर घेतलेला नव्हता, हे महत्त्वाचं. कंपोझिशनवाल्याला बिलात कर लावता येत नाही. आमच्या बिलावर आणि दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलेलंही आहे. पैसे बाबांच्या खिशातून गेले होते. कर गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला असता तर तो परत मागता आला नसता.

त्या वर्षाचं निस्तरणं सोपं निघालं, कारण जीएसटीआर-४ अजून भरायचा होता. त्यात ३५,२०,००० वरच कर दाखवला. सीएमपी-०८ ने भरलेली जास्तीची रक्कम पोर्टलवर ऋण दायित्वाच्या विवरणात जमा झाली आणि एप्रिल-जून तिमाहीचा कर त्यातूनच वळता झाला. १८ जुलैला बाबांनी पहिल्यांदा रोख न भरता सीएमपी-०८ दाखल केला आणि चलन नाही म्हणून दोनदा मला विचारलं.

२०२३-२४ चा जीएसटीआर-४ मात्र भरून झालेला होता आणि तो दुरुस्त करता येत नाही. तिथे आरएफडी-०१ भरून परतावा मागायचा. मुदत कर भरल्यापासून दोन वर्षं. २०२३-२४ च्या पहिल्या तिमाहीचे पैसे आम्ही १८ जुलै २०२३ ला भरले होते, म्हणजे हातात जेमतेम महिना. दुपारी दुकान, संध्याकाळी मी आणि कट्टे मोजलेल्या जुन्या वह्या, असे तीन आठवडे गेले. रक्कम दोन लाखांच्या आत असल्याने सीएच्या दाखल्याऐवजी, कराचा भार दुसऱ्यावर टाकलेला नाही, अशी बाबांची स्वतःची घोषणा पुरली. अर्ज मुदतीत गेला. त्याआधीची, २०१८ पासूनची वर्षं गेली ती गेली. त्यांची बेरीज मी केली आहे, बाबांना दाखवलेली नाही.

काकांनी शीट बदलली. आता तिच्यात दोन रकाने आहेत आणि त्यांनी ती त्यांच्या इतर किराणावाल्यांनाही पाठवली.

पिशव्यांचं काय करायचं, हे मी बाबांना विचारलं. स्टिकर बंद करून सगळं समोर तोललं तर वर्षाला दीड हजार वाचतील, असा माझा हिशेब होता. बाबांनी एक मेणबत्ती पेटवली, पोह्यांची पिशवी तिच्यावर धरली आणि म्हणाले, "सकाळी सात वाजता तू येऊन तोलशील का?" स्टिकर चालू आहे. फक्त आता त्या पिशव्यांची संख्या ते रोज रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.